टोकनचे पैसे आणि १७ तारीख

गुहागर, १२ तारीख

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडवेली झालीस, म्हणून मी जास्त बोललो नाही. फ्लॅट नको हा निर्णय तुझा आहे आणि मला तो पटला. कंपाउंडच्या भिंतीवरची २०२१ च्या पुराची खूण बघून ज्याला पुन्हा विचार करावासा वाटणार नाही, त्याने चिपळूण पाहिलेलंच नाही. २२ जुलैला तुझा फोन बंद होता आणि तुझी आई देवापाशी बसून होती. वाशिष्ठीचं पाणी ओसरून तुझा आवाज ऐकू येईपर्यंत मी चहासुद्धा घेतला नव्हता. पण ते असो.

ऑफिसातल्या माणसाने "टोकन परत मिळत नाही, पावतीवर छापलंय" असं सांगितलं आणि तू गप्प बसलीस, याची मला काळजी वाटते. तू पाठवलेलं वाटपपत्र, म्हणजे अलॉटमेंट लेटर, मी फोटो मोठा करून वाचलं. ते महारेराच्या नमुन्याप्रमाणेच आहे. त्यात बुकिंग रद्द करण्याचं कलम आहे आणि त्यावर बिल्डरचीच सही आहे. वाटपपत्र दिल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीच कापायचं नाही. १६ ते ३० दिवसांत १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड, त्यानंतर २ टक्के.

इथे लोक फसतात, बाय. हा टक्का टोकनवर नाही, फ्लॅटच्या किमतीवर आहे. तुझा फ्लॅट ४२ लाखांचा, टोकन १ लाख. आज रद्द केलंस तर लाखच्या लाख परत. पुढच्या आठवड्यात केलंस तर ४२ हजार जातील. आणि "बघू, सांगू" म्हणत दोन महिने काढलेस तर ८४ हजार कापून हातावर १६ हजार ठेवतील. करार करायला न जाता नुसती गप्प राहिलीस तरी सुटका नाही. दोन महिन्यांनंतर बिल्डर १५ दिवसांची नोटीस काढतो आणि मग २ टक्क्यांपर्यंत कापून स्वतःच रद्द करू शकतो.

वाटपपत्रावर ३ तारीख आहे. १५ वा दिवस १७ ला भरतो की १८ ला, या वादात पडू नकोस, १७ धर. फोनवर सांगितलेलं कोणी मोजत नाही. लिहून दे. कारण द्यायची गरज नाही. फ्लॅट नंबर, वाटपपत्राची तारीख, भरलेली रक्कम, "मी बुकिंग रद्द करत आहे, रक्कम माझ्या खात्यात परत करावी", एवढंच. दोन प्रती घेऊन स्वतः जा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घे. शिक्का मारत नसतील तर तिथून सरळ पोस्टात जा, पोच मिळेल असं स्पीड पोस्ट कर आणि त्याच दिवशी ईमेलही कर.

मूळ पावती मागतील. झेरॉक्स दे. पैसे खात्यात दिसेपर्यंत "संपूर्ण रक्कम मिळाली" अशा कुठल्याही कागदावर सही करू नकोस. दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी करताना अशा सह्या करून मागाहून रडणारी माणसं मी टेबलापलीकडे बघितली आहेत. "फ्लॅट दुसऱ्याला गेला की देतो" असंही सांगतील. तसं कलमात नाही. तुझं रद्द करण्याचं पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत द्यायचे; पुढे स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरवर, म्हणजे बँक कर्जासाठी ठरवते त्या मूळ व्याजदरावर, आणखी २ टक्के धरून व्याज लागतं. तरीही दिले नाहीत तर महारेराकडे तक्रार करू. मी येईन बरोबर.

हे वाचताना तुला वाटेल, बाबा पुन्हा कचेरीत जाऊन बसले. रागावू नकोस. बापूने बागेतल्या कलमांच्या पैशातले तीस हजार तुला दिले, ते तो कधीच मागणार नाही, म्हणून मला जास्त लागतं. बाकीचे तू शिकवण्या घेऊन साठवलेस. गौरीच्या वयाची असताना तू फीच्या पैशांतला सुट्टा रुपयाही परत आणून देत होतीस. स्वतःचे पैसे मागायला मात्र तुला अजून लाज वाटते. तिथे मान खाली घालून उभी राहू नकोस. सही केलेला करार नाही, नोंदणी नाही, मुद्रांक शुल्क भरलेलं नाही. तू कोणाचं काही बुडवलेलं नाहीस.

पत्र दिलंस का? जावईबापूंना सोबत ने. आईने कोकमं पाठवली आहेत.

तुझे
बाबा

ता. क. : शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मला लगेच पाठव. १७ च्या आत.