रीडिंगच्या मंडईसाठी आपल्या गावाची मदत पाहिजे

नमस्कार मंडळी, लंडनजवळ रीडिंगला आपल्या साकोली तालुक्यातले बरेच पोट्टे-पोट्ट्या नोकरीला आहेत, तिकडच्या मराठी मंडळाने या दिवाळीत हॉल घेऊन आपल्यासारखी मंडई भरवायचं ठरवलं. शनिवार १४ नोव्हेंबर, सकाळी ११ पासून. दंडार बाहेरून बोलावली नाही, तिथलेच १२ जण आपल्या म्हाताऱ्या कलाकारांकडून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकून राहिले.

तिकीट जेवणासकट आहे. मोठ्यांना १८ पाउंड, ५ ते १२ वर्षांच्या पोरांना ८, दोन मोठे दोन लहान असं कुटुंब असलं तर ४५ मध्ये होते. ५ वर्षांखालचे फुकट, पण त्यांचंही नाव फॉर्ममध्ये टाकायला सांगा, नाहीतर ताटं कमी पडतात. शेवटची तारीख १ नोव्हेंबर, दारावर तिकीट नाही, कारण जेवण घराघरातून शिजून येणार आहे.

जेवणात गोळाभात आणि कढी. हॉलमध्ये गॅस लावू देत नाहीत, म्हणून १२० माणसांचा १० किलो तांदूळ पाच घरात वाटला, घरी दोन किलो. एकाच मोठ्या गंजात केला तर ढवळताना चण्याच्या डाळीचे गोळे फुटतात अन् सगळा लगदा होते, हे आपल्या बायकांनीच त्यांना सांगितलं. दोन किलोला एक किलो भरडा, त्यात तिखट, मीठ, हिंग, हळद अन् मोहन, आणि भातातलं पाणी आटत आलं की गोळे वरून ठेवून मंद आचेवर वाफ. भात तिथं ६३ डिग्रीच्या खाली जाऊ देता येत नाही, म्हणून गरम राहणाऱ्या डब्यातून आणून १ वाजताच वाढतील, उशिरा येणाऱ्यांसाठी ठेवणार नाहीत. फोडणीत मोहरी आहे, कोणाला मोहरी, तीळ किंवा शेंगदाणा चालत नसेल तर फॉर्ममध्ये लिहायलाच लावा.

आता आपल्याकडून काय पाहिजे. १२ जोड घुंगरू, टिपऱ्या, फेटे, आणि घरात जुन्या वहीत दंडारीची गाणी असतील तर तिचे फोटो. सांडगे, कुरडया, घरचं तिखट चालते. तूप, पेढे, खवा मात्र देऊ नका, तिकडं दुधाचे पदार्थ विमानतळावरच काढून घेतात, मागच्या वर्षी एका मावशीचं दोन किलो तूप तसंच गेलं, फार वाईट वाटलं. कडीपत्ताही नको. गावातलं एक कुटुंब १८ ऑक्टोबरला निघते, त्यांच्याकडं २३ किलोची एक बॅग रिकामी आहे, म्हणून सामान १५ तारखेपर्यंत वाचनालयात आणून द्या, पिशवीवर नाव टाका, घुंगरू-टिपऱ्या परत येतील.

घुंगरू आणि फेट्यांना ६,४०० रुपये लागतात, २,९०० जमले. बाकीचे गावातूनच जमवायचे आहेत. तिकडचं मंडळ पैसे पाठवायला तयार होतं, पण परदेशी संस्थेकडून देणगी घ्यायला एफसीआरएची नोंदणी लागते अन् ती आपल्या समितीकडं नाही, म्हणून आपण नाही म्हटलं. ५० द्या, १०० द्या, पावती मिळेल. आणि ज्यांची लेकरं तिकडं आहेत त्यांनी आजच फोन करून तिकिटाचं सांगा.

— गाव मंडई समिती