एस्तेर राणीचा दुसरा अर्ज

प्रिय लेकीस,
प्रभूच्या नावाने सलाम.

गेल्या रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी असल्यामुळे उपदेशाची जबाबदारी माझ्यावर आली होती, आणि मी काय सांगितले ते तू विचारलेस, म्हणून हे पत्र. विषय बायबलातल्या एस्तेर राणीचा होता. उपदेश बरा झाला, असे लोक म्हणाले, पण दारात हात मिळवताना एका वृद्ध बाईंनी मला थांबवून विचारले, "मास्तर, एस्तेर दुसऱ्यांदा राजाकडे गेली आणि पाया पडली, ते तुम्ही का गाळले?" खरे कारण एवढेच होते की घड्याळ पुढे सरकले होते. तिथे राहून गेले ते तरी तुला लिहावे, असे मनात आले.

कथा तुला ठाऊक आहे, तरी तारखा नीट लक्षात घे. अहश्वेरोश राजाच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षी एस्तेर राणी झाली. बहुतेक अभ्यासक हा राजा म्हणजे ख्रिस्तपूर्व 486 ते 465 या काळात राज्य करणारा इराणचा पहिला झर्क्सीस असे मानतात. बाराव्या वर्षी, नीसान महिन्याच्या तेराव्या दिवशी, राजाचा मुख्य सरदार हामान याने सर्व यहूद्यांच्या संहाराचे फर्मान लिहवून घेतले आणि चिठ्ठ्या टाकून निघालेला दिवस ठरवला, तो अदार महिन्याचा तेरावा. म्हणजे मध्ये अकरा महिने होते. एस्तेरेला लहानाची मोठी करणारा तिचा यहूदी चुलतभाऊ मर्दखय याने गोणपाट नेसून आक्रोश केला, तेव्हा एस्तेरेने त्याला आधी काय पाठवले? कपडे. ती घाबरली होती, आणि घाबरलेला माणूस पहिल्यांदा दुःख झाकायलाच धावतो. कपडे परत आले, तेव्हा तिने हथाक नावाच्या खोजाला खरे काय आहे ते विचारायला पाठवले. मर्दखयाने नुसता आकांत कळवला नाही. फर्मानाची प्रत दिली आणि हामानाने राजाच्या खजिन्यात किती चांदी भरण्याचे कबूल केले होते, तो आकडाही सांगितला. हा आकडा लक्षात ठेव, तो पुढे उपयोगी पडतो.

तिने राजाकडे जाऊन आपल्या लोकांसाठी विनवणी करावी, असा त्याचा निरोप होता. तिची अडचण खोटी नव्हती. बोलावल्यावाचून आतल्या चौकात जाणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचायचा. शिवाय तीस दिवसांत राजाने तिला बोलावलेच नव्हते. आधीची राणी वश्ती बोलावूनही न आल्यामुळे पदच्युत झाली होती, आणि आता हिला न बोलावता जायचे होते. अकरा महिने हाताशी असताना, "राजाची मर्जी फिरेपर्यंत थांबावे" हा शहाणपणाचाच सल्ला वाटला असता. पण मर्दखयाने तिला निरोप दिला की तू गप्प राहिलीस तरी यहूद्यांची सुटका दुसरीकडून होईल, मात्र तू आणि तुझे घराणे वाचणार नाही. आणि अशाच प्रसंगासाठी तुला हे राणीपद मिळाले नसेल कशावरून? "कशावरून" या प्रश्नार्थी शब्दावर माझे मन फार रेंगाळते. त्याने देवाची योजना ठाऊक असल्याचा दावा केला नाही.

त्यावर तिने जे केले, त्याला आपण प्रार्थना म्हणतो, पण हिब्रू पुस्तकात तो शब्द नाही. देवाचे नावही नाही. ग्रीक भाषांतरात एस्तेर आणि मर्दखय यांच्या लांब प्रार्थना घातलेल्या आहेत. कुणालातरी ती जागा रिकामी राहिलेली सोसली नसावी. हिब्रूत फक्त उपवास आहे: राजधानी शूशनातल्या सर्व यहूद्यांनी तीन दिवस, रात्रंदिवस, अन्नपाणी वर्ज्य करावे, मी आणि माझ्या दासीही तसेच करू, मग मी नियम मोडून राजाकडे जाईन, आणि मरण आले तर येवो. यहूदी परंपरेत असे सांगतात की हा उपवास नीसानच्या मध्यावर, म्हणजे ऐन वल्हांडणाच्या दिवसांत पडला. मला यात मुख्य वाटते ते हे की उपवास संपण्याचा दिवस तिने आधीच ठरवला आणि तो सगळ्यांना कळवला. आता माघार घेणे म्हणजे उपाशी बसलेल्या शहरासमोर माघार घेणे होते. प्रार्थनेच्या नावाखाली जे लांबणीवर टाकले जाते, त्याला अशी मुदत नसते.

तिसऱ्या दिवशी गोणपाट नव्हे, राजवस्त्रे नेसून ती चौकात उभी राहिली. राजदंड पुढे झाला. राजाने अर्धे राज्य मागितले तरी देऊ म्हटले, आणि तिने मागितले काय, तर राजाने हामानासह जेवायला यावे! जेवताना राजाने पुन्हा विचारले, तेव्हा ती म्हणाली की माझी विनंती मान्य करायची मर्जी असेल तर उद्याही मेजवानीला यावे. मग उद्या सांगेन. वाक्याची रचना पाहा: राजा दुसऱ्या दिवशी आला म्हणजे निम्मा होकार देऊनच आला. हा उशीर आणि कपडे पाठवतानाचा उशीर एकच नव्हेत, कारण आता जिवाचा धोका पत्करून झाला होता. मधल्या रात्री राजाला झोप आली नाही, इतिहासग्रंथ वाचला गेला आणि मर्दखयाने पूर्वी वाचवलेला राजाचा जीव आठवला, हे मात्र तिच्या हिशेबात नव्हते. तिने फक्त त्या रात्रीला जागा ठेवली.

दुसऱ्या मेजवानीत राजाने विचारले, "तुझा अर्ज काय, तुझी मागणी काय?" तिने दोन्हींना वेगळे उत्तर दिले: अर्जात माझा जीव, मागणीत माझे लोक. मग म्हणाली की आम्ही विकले गेलो आहोत. नुसते दासदासी म्हणून विकले असते तर मी गप्प राहिले असते. "विकले" हा शब्द त्या चांदीच्या आकड्यातून आला. फर्मानावर मोहोर राजाच्याच अंगठीची होती, तरी तिने राजावर बोट ठेवले नाही, हामानाचे नावसुद्धा राजाने "तो कोण?" असे विचारल्यावरच घेतले.

बहुतेक उपदेश इथे, हामान फासावर चढला की, संपतात. माझाही संपला. पण फर्मान तसेच होते, आणि राजाच्या मोहोरेचे फर्मान रद्द होत नसे. आता एस्तेरेचा स्वतःचा जीव सुरक्षित होता, हामानाचे घर तिला बक्षीस मिळाले होते, आणि मर्दखयाच्या बोटात राजाची अंगठी होती. तरी आठव्या अध्यायात ती पुन्हा राजापुढे गेली, पाया पडली, रडली. पुन्हा राजदंड पुढे करावा लागला. पहिल्या वेळी तिने राजवस्त्रे आणि मेजवानी वापरली, या वेळी अश्रू. त्या बाईंचे म्हणणे असे होते की पहिल्यांदा ती लोकांबरोबर मरणार होती म्हणून गेली, आणि दुसऱ्यांदा तिला काहीच होणार नव्हते, तरी गेली. चाळीस वर्षे हे पुस्तक वाचत असून मला हे दिसले नव्हते.

सीवान महिन्याच्या तेविसाव्या दिवशी यहूद्यांना स्वसंरक्षणाचा अधिकार देणारे दुसरे फर्मान निघाले आणि जासूद वेगवान घोड्यांवर हिंदुस्तानापासून कूशापर्यंतच्या 127 प्रांतांत गेले. पुढे अदारात पुष्कळ रक्त सांडले, शत्रूंचे पंचाहत्तर हजार लोक पडले असे लिहिले आहे. तो भाग मला अवघड जातो, आणि तो गाळून कथा गोड करावी असे वाटत नाही. त्याच दिवसांच्या आठवणीचा पुरीम सण आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहूदी 'होळीचा सण' या नावाने पाळत आले, कारण तो होळीच्या सुमारास येतो.

पाळकसाहेब पुढच्या आठवड्यात परततील. त्यांना सांगून मी आणखी एक रविवार मागून घेणार आहे, आणि या वेळी आठव्या अध्यायापासूनच सुरुवात करणार आहे. त्या बाईंना पुढच्या बाकावर बसायला सांगितले आहे.

तुझी आई सलाम सांगते.

तुझे पप्पा