फड म्हणजे काय ते आबांना विचारून कळवा

ती. आबा, सा. नमस्कार. आई, बाबा, दादा, तुम्हाला पण.

आई, हे पत्र आबांना मोठ्याने वाचून दाखव कारण निम्मं त्यांच्यासाठीच आहे, आणि मधे मधे थांबून "बघा कशी लिहिते" वगैरे करू नकोस. मी बरी आहे. एडिंबराला सध्या साडेतीनलाच दिवे लावावे लागतात, मेथीचे ठेपले संपले, चटणी पुरवून खातेय.

तर प्रबंधाचे धडे झालेत सगळे, आता शेवटी शब्दसूची करायची राहिलीय. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम, मागे चार पानं जोडायची, वारी म्हणजे काय, टाळ म्हणजे काय, बुक्का म्हणजे काय, संपला विषय. आज पाचवा आठवडा चालू आहे. एकशेचाळीस शब्द आहेत आणि त्यातले शंभरेक खरंच सरळ आहेत, बुक्का म्हणजे बुक्का, त्यात भांडण नाही. रडवलंय ते उरलेल्यांनी, आणि ते नेमके आपण घरात रोज बोलतो तेच शब्द.

पहिला दणका माउलीने दिला. मी व्याख्या केली होती "ज्ञानेश्वरांसाठी वापरलं जाणारं आदराचं संबोधन, वारकरी एकमेकांनाही असंच म्हणतात". एका ओळीत दोन्ही बसलं म्हणून खूशही झाले. आता चौथ्या धड्यात मी आबांचंच वाक्य घेतलंय, "माउली लोणंदला मुक्कामाला आहेत", आणि माझ्या गाईड मॅडमनी समासात लिहिलं की हे कोण गृहस्थ, यांची मुलाखत परिशिष्टात का नाही. मी दोन मिनिटं हसत होते आणि मग हसू गेलं, कारण चूक त्यांची नव्हतीच. माझ्या सूचीवरून कुणीही तोच अर्थ लावला असता. आबा जेव्हा तसं म्हणतात तेव्हा त्यांना तेराव्या शतकातले ज्ञानेश्वर म्हणायचे नसतात, शेजारचा वारकरी पण नाही, त्यांना पालखीतल्या पादुका म्हणायच्या असतात, आणि पादुका म्हणजे नुसत्या वस्तू नाहीत तर स्वतः माउलीच चालत निघालेत असं धरून ते वाक्य आहे. हा तिसरा अर्थ मी लिहिलाच नव्हता कारण मला तो वेगळा अर्थ वाटतच नव्हता, लहानपणापासून कानावर आहे ना.

मग मी एक पद्धत लावून घेतली. सूचीतली व्याख्या उचलायची आणि धड्यात जिथे जिथे तो शब्द आलाय तिथे शब्दाच्या जागी ती ठेवून वाक्य वाचायचं, वाक्य मोडलं की समजायचं व्याख्या अपुरी आहे किंवा तो शब्द तिथे दुसऱ्याच अर्थाने बसलाय. माउली सत्तेचाळीस वेळा आली होती. मोजल्यावर तीन ढीग झाले, मग एकाच नोंदीत १, २, ३ असे अर्थ दिले आणि धड्यात जिथे गोंधळ होईल तिथे माउली २, माउली ३ असं लिहिलं. दिसायला वाईट दिसतं पण निदान लोणंदला कोण मुक्कामाला आहे ते तरी कळतं.

समाधीचं मात्र असं नाही केलं. योगातली समाधी आणि आळंदीची समाधी, म्हणजे ती जागा, ही दोन वेगळी शीर्षकंच केली, कारण एक अवस्था आहे आणि दुसरीकडे रांग लावून दर्शनाला जाता येतं. आणि १२९६ साली ज्ञानेश्वरांनी घेतली ती संजीवन समाधी, ती दोन्हींना धरून आहे, म्हणून ती तिसरी नोंद, तिच्यातून या दोन्हींकडे बोट दाखवलंय. मी ठरवलेला नियम असा की अर्थ एकमेकांतून निघत असतील तर एक नोंद आणि आकडे, आणि वाचणारा एकाच्या जागी दुसरा धरून साफ फसणार असेल तर वेगळ्या नोंदी. मॅडमना हे पटलंय, निदान गप्प तरी बसल्यात.

संतचं पण झालं थोडं. इथे त्याला सरळ सेंट म्हणून टाकायची सवय आहे, दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात म्हणून एकाच मुळाचे असतील असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही नाही, आपला संत संस्कृत सत् वरून आणि त्यांचा लॅटिन सांक्टुस वरून. शिवाय कॅथलिक चर्चमध्ये कुणाला सेंट ठरवायची रीतसर चौकशी होते, शेवटी पोप जाहीर करतात. आपल्याकडे चोखोबांना संत कोणी ठरवलं, कुठल्या कचेरीतून कागद निघाला? लोक त्यांचे अभंग म्हणत राहिले, एवढंच. म्हणून मी अख्ख्या प्रबंधात संत हाच शब्द ठेवलाय, भाषांतर कुठेच नाही.

आता आबा, तुमचं काम. मी लिहिलं होतं "दिंडी: फडाची वारीत चालणारी तुकडी". आणि वीस पानं पुढे "फड: एका महाराजांच्या नेतृत्वाखालच्या दिंड्यांचा समूह". वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यामुळे मला दोन्ही बरोबर वाटल्या. मॅडम म्हणाल्या मला दिंडी माहीत नाही म्हणून मी फडाकडे गेले, तिथून तू मला परत दिंडीकडे पाठवलंस, मी फिरतेच आहे. बरोबर आहे की. दळण दळून परत जात्यातच ओतल्यासारखं झालं. अशा जोडीतला एक शब्द तरी डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टींनीच सांगावा लागतो, म्हणजे वाचणाऱ्याला पाय टेकायला जागा मिळते.

म्हणून दिंडी अशी केली: "पालखीबरोबर ठरलेल्या क्रमाने, एका विणेकऱ्याला धरून, टाळमृदंगावर अभंग म्हणत चालणारा आणि मुक्कामी एकत्र राहणारा वारकऱ्यांचा गट. ज्ञानेश्वरांच्या पालखीत दिंड्यांना रथापुढे आणि रथामागे असे वेगवेगळे क्रमांक असतात." यात फड हा शब्दच नाही. आणि तो काढल्यावर लक्षात आलं की आधीची व्याख्या गोल तर होतीच पण चुकीची पण होती, कारण आपल्या गावची दिंडी कुठल्या फडाची आहे? कुठल्याच नाही ना? मी ज्या दिंडीबरोबर चालले, जिच्यावर दोन धडे लिहिले, तीच माझ्या व्याख्येत बसत नव्हती. हे मला पाचव्या आठवड्यात दिसलं!

फड मग असा लिहिलाय: "गुरुशिष्य परंपरेने चालणारी वारकऱ्यांची संघटना. तिचे प्रमुख अनुयायांना तुळशीची माळ घालतात, आणि भजन-कीर्तनाचे तिचे ठरलेले नेम असतात. फडाची दिंडी असू शकते, पण प्रत्येक दिंडी फडाची नसते." वासकर फड आणि देहूकर फड ही दोन उदाहरणं दिलीत. हे तुम्हाला पटतंय का ते सांगा. मला शंका माळेबद्दल आहे. माळ घेतली की माणूस त्या फडाचाच झाला असं धरतात का, की माळ एकाकडून घेऊन वारी दुसऱ्याबरोबर केली तरी चालतं? तुमच्या ओळखीत असं कोणी आहे का? (तमाशाचा फड, उसाचा फड हे सूचीत घेतलेलं नाही. दादा, आधीच सांगते, फोन करून तोच विनोद करू नकोस.)

दादा, हा पुढचा भाग तुझ्यासाठी. कुठल्या शब्दातून कुठे बोट दाखवलंय त्याचं वेगळं शीट केलंय, अ रकान्यात "कुठून" आणि ब मध्ये "कुठे", एका ओळीत एकच जोडी. मूळ नोंदी Terms नावाच्या शीटमध्ये आहेत. दोन फॉर्म्युले लावलेत:

```
=COUNTIF(Terms!A:A,B2)
=COUNTIFS(A:A,B2,B:B,A2)
```

पहिल्यात शून्य आलं तर ज्या शब्दाकडे वाचणाऱ्याला पाठवतेय तो सूचीत नाहीच. दुसऱ्यात शून्य म्हणजे रस्ता एकेरी आहे, दिंडीतून फडाकडे जाता येतं पण फडातून दिंडीकडे नाही. "हेही पाहा" असेल तर दोन्हीकडून पाहिजे, पण नुसतं "पाहा" असेल, म्हणजे माळकरी "पाहा वारकरी" असं, तर एकेरीच बरोबर. आणि तो माळकरीचा "पाहा" पण मी नंतर काढला, कारण गावात "तो माळकरी आहे" म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा तो मटण-दारूला शिवत नाही एवढंच सांगायचं असतं, वारीचा विषयच नसतो. पहिल्याच दिवशी पहिल्या फॉर्म्युल्यात एकतीस शून्यं आली. त्यातले नऊ शब्द खरंच राहिले होते, बाकी सगळी स्पेलिंगची भानगड आणि शब्दाच्या शेवटी राहिलेली न दिसणारी स्पेस.

स्पेलिंगची भानगड म्हणजे आपला ळ. संस्कृतवाले रोमन लिपीत ḷ लिहितात ते ऌ या स्वरासाठी, आणि मराठीत आपण तेच चिन्ह ळ साठी वापरतो. ISO 15919 मध्ये ळ ला ḷ आणि ऌ ला l̥ असं खाली गोल देऊन वेगळं केलंय, म्हणून मी तेच धरलं. तसं मराठीत ऌ येतो कुठे, क्लृप्ती सोडून मला तर एक शब्द आठवत नाही, पण ज्ञानेश्वरांच्या आधीचे संस्कृत उतारे आहेत ना माझ्याकडे. टिंबं टाकायचा कंटाळा करून पहिल्या वर्षी नुसतं tal लिहून ठेवलं होतं, आता त्यातले टाळ कुठले आणि ताल कुठले ते एकेक वाक्य वाचून वेगळं करत बसलेय. कीर्तनाच्या धड्यात तर दोन्ही एकाच वाक्यात आहेत.

आई, तू विचारलं होतंस काला घेतलास का. घेतलाय, एकाच नोंदीत दोन अर्थ, १ दही-लाह्यांचा कालवलेला प्रसाद आणि २ सप्ताहाच्या शेवटी होतं ते काल्याचं कीर्तन. तू लोणचं घालतेस त्यात ते मात्र नाही लिहिलं, ते घरोघरी वेगळं असेल.

आबा, रविवारी फोन करते, इथले सकाळचे नऊ म्हणजे तुमचे दुपारचे अडीच, जेवून जरा पडला असाल तर उठवू नका म्हणावं, मी परत करेन. तोवर फडाचं आणि माळेचं बघून ठेवा. आणि अजून एक राहिलंच, चांदोबाच्या लिंबाला होतं त्या उभ्या रिंगणात माउलींचा अश्व दिंड्यांच्या मधून धावतो तेव्हा पायाखालची माती उचलून कपाळाला लावतात, त्या मातीला आपल्याकडे काही वेगळा शब्द आहे का, की नुसतं मातीच म्हणतात?

तुमची,
ताई