एकाच खोक्यात रक्त आणि प्लेटलेट: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सांगलीतल्या एका रक्तपेढीत मी 22 वर्षे तंत्रज्ञ होतो. निवृत्त झालो, तरी एक गोष्ट मनातून जात नाही. डेंगीच्या दिवसांत जत तालुक्यातला एक तरुण भावासाठी एक पिशवी रक्त आणि चार पिशव्या प्लेटलेट घेऊन गेला. आमच्याकडूनच पाचही पिशव्या बर्फ घातलेल्या एकाच थर्माकोलच्या खोक्यात गेल्या. पोचायला रात्र झाली. तिथल्या रुग्णालयात कुणीतरी चांगल्या हेतूने सगळ्याच पिशव्या फ्रीजमध्ये ठेवल्या. सकाळी रक्त कामाला आले, प्लेटलेट मात्र वाया गेल्या.

रक्ताच्या पिशवीला 2 ते 6 अंश सेल्सिअस थंडावा लागतो. त्यात तांबड्या पेशींचे काम मंदावते, साखर पुरवून वापरली जाते आणि नेहमीच्या द्रावणातले संपूर्ण रक्त 35 दिवस टिकते. फक्त ते गोठता कामा नये, नाहीतर पेशी फुटतात.

प्लेटलेटचे उलटे आहे. थंडी लागली की तिचा चपटा, चकतीसारखा आकार जाऊन ती गोल, काटेरी होते आणि तिच्या पृष्ठभागावरची रचनाही बदलते. अशी प्लेटलेट रुग्णाला दिली, तर यकृतातल्या पेशी तिला ओळखून झपाट्याने रक्तातून काढून टाकतात. म्हणून ती 20 ते 24 अंशांवर ठेवतात आणि अ‍ॅजिटेटर नावाच्या यंत्रावर सतत हळुवार हलवत राहतात. पिशवीच्या प्लास्टिकमधून प्राणवायू आत येतो. पिशवी पडून राहिली तर तो पेशींपर्यंत नीट पोचत नाही, आम्ल साठते आणि पेशी मरतात. पण या उबेत जंतूही वाढतात, त्यामुळे मुदत जेमतेम 5 दिवसांची.

बिघाड डोळ्यांनाही दिसतो. पिशवी उजेडासमोर धरून हळूच हलवली की चांगल्या प्लेटलेट रेशमासारख्या लहरत चमकतात. त्या सकाळी चारही पिशव्या नुसत्या गढूळ दिसत होत्या, असे तिथल्या सिस्टरनी मला फोनवर सांगितले. तिने त्या लावल्या नाहीत, हे तिचे उपकार. पण पुन्हा सांगलीला माणूस धाडण्यात अर्धा दिवस गेला.

तालुक्याच्या रक्तसाठवण केंद्रात फ्रीज असतो, अ‍ॅजिटेटर सहसा नसतो. म्हणून माझी मागणी लहान आहे. प्लेटलेट बर्फाशिवाय, वेगळ्या खोक्यातच द्याव्यात, असा लेखी आदेश काढा. प्रत्येक पिशवीला ठळक मराठी चिठ्ठी बांधा: ‘फ्रीजमध्ये ठेवू नका, पोचताच लावा.’ आणि रुग्णाला लगेच लावायची तयारी झाल्यावरच तालुक्याहून मागणी यावी. नातेवाइकाच्या हातात खोके देताना हे तोंडी सांगणे पुरत नाही. त्या माणसाचे चित्त खाटेवरच्या भावापाशी असते.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, सांगली