मूठ मिटली आणि काळोख झाला

अंबाजोगाई,
५ जानेवारी

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. माळेगावच्या यात्रेत चार दिवस धूळ खाऊन आलास आणि आता अठरा तासांचं शूटिंग घेऊन बसलास, हे वाचून बरं वाटलं. तू विचारलंस की फिल्मच्या नावाआधी एखादा प्रसंग टाकावा का, आणि टाकला तर कोणता. तू त्याला ‘टीझर’ म्हणतोस, आमच्या एडिटिंगच्या खोलीत ‘कोल्ड ओपन’ म्हणतात. यावर मी मागचे तीन महिने झुंजलोय, म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

बोअरवेलवरची माझी फिल्म तुला माहीत आहे. चौदा मिनिटांची. केजकडच्या एका कोरडवाहू शेतात, एप्रिलच्या एका रात्री बोअर घेतात, एवढीच गोष्ट. काका आणि मावशी, त्यांचा थोरला मुलगा, बोअरच्या गाडीवरची तमिळनाडूची पोरं आणि आदल्या सकाळी हातावर नारळ ठेवून शेतभर फिरलेला पाणाड्या. पहिल्यांदा फिल्म जोडली तेव्हा मी सरळ पाणाड्यापासून सुरुवात केली होती. आठवडाभराने घरच्यांना दाखवली, तर चौथ्या मिनिटाला माझी बहीण उठून गॅस बंद करायला गेली आणि परत आलीच नाही. पाणाड्या चालतोय, नारळ उभा राहतोय, हे बघायला छान आहे. पण पुढे कशासाठी थांबायचं, हे त्यात कुठंच नव्हतं.

मग सुचलं की सगळ्यात जोरदार क्षण उचलून पुढे ठेवू. माझ्याकडे दोन होते. एक, पहाटे मावशी बांधावर बसून रडतात तो. दुसरा, गाडीवरचा पोरगा बोअरच्या तोंडाशी हात धरून भुकटी तपासतो तो. मी आधी मावशींचं रडणं लावलं. बघणारे हेलावले, पण मला ते बघवेना. ही बाई कोण, तिचं काय गेलंय हे काहीच कळायच्या आत तिचे अश्रू दारावर टांगायचे? शिवाय रडणं दिसलं की शेवट कळलाच. बोअर कोरडी गेली हे बघणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला समजतं, आणि पुढची तेरा मिनिटं तो फक्त कारण शोधत बसतो. दोन्ही बाजूंनी ते चूक होतं. काढून टाकलं.

राहिला हात. हा क्षण कळायला बोअरचं काम थोडं कळावं लागतं. साडेसहा इंची भोक, वीस-वीस फुटांचे रॉड एकापाठोपाठ एक आत जातात. वरून कॉम्प्रेसरची हवा खाली जाते आणि फुटलेला दगड भुकटी होऊन भोकातून बाहेर उडतो. आपल्याकडे वर मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच लालसर मातीचा पट्टा, परत काळा पाषाण. जोवर कोरडं आहे तोवर भुकटीचा लोट उठतो, माणसं पांढरीफटक होतात. ओल लागली की आधी लोट कमी होतो, भुकटी जड होऊन खाली बसायला लागते, मग गोळे बनतात, मग चिखल, मग पाणी. म्हणून पोरगं दर थोड्या वेळाने तोंडाशी हात धरतं, मूठभर भुकटी अंगठ्याने चोळतं आणि फेकून देतं.

आता बघणाऱ्याला हे सांगायचं कसं? निवेदन टाकलं तर रात्रीची सगळी जादू गेली. इथं मला एक गोष्ट सापडली आणि ती मला फार मोलाची वाटते. बघणाऱ्याला तोच हात तीनदा दाखवायचा. पहिल्यांदा पोरगा भुकटी चोळतो, फेकतो. आपल्याला काहीच कळत नाही. दुसऱ्यांदा चोळतो, फेकतो, मागून काकांचा आवाज येतो, ‘‘कोरडंच की रे.’’ आता कळलं, तो काय शोधतोय. तिसऱ्यांदा लोट जरा विरळ झालेला, पोरगा चोळतो, थांबतो, आणि फेकायच्या ऐवजी मूठ मिटतो. काळोख. नाव.

एकोणिसावा रॉड चालू होता, म्हणजे तीनशे ऐंशी फुटांच्या आसपास. पण हा आकडा मी तिथं सांगत नाही. सगळं मिळून बावन्न सेकंद आहे. सुरुवातीची सहा सेकंदं पडदा काळा आणि फक्त कॉम्प्रेसरचा आवाज, तोही दुरून आल्यासारखा हळूहळू वाढवलेला. आधी तो एकदम पूर्ण मोठा ठेवला होता, तर मोबाइलवर बघणाऱ्याला नुसती घरघर ऐकू यायची आणि हात आपोआप आवाज कमी करायला जायचा. संगीत एक सेकंदही नाही. कॉम्प्रेसर मूठ मिटेपर्यंत चालतो आणि चित्राबरोबर तुटतो. नाव तीन सेकंद पूर्ण शांततेत.

कुठं तोडायचं, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मूठ मिटल्यावर दोन सेकंद ठेवून बघितलं, तर पोरगा मान वर करतो, काकांचा चेहरा फ्रेममध्ये येतो, आणि त्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलंच असतं. मूठ मिटायच्या आधीच तोडलं, तर लोकांना वाटायचं की फाइल अडकली. शेवटी बोटं मिटल्यावर बारा फ्रेम ठेवल्या. पंचवीस फ्रेमच्या सेकंदात हा अर्धा सेकंदही होत नाही. तेवढ्यात बघणाऱ्याच्या मनात ‘काय लागलं?’ एवढंच उमटतं. तू तुझं करशील तेव्हा आधी, बरोबर आणि नंतर अशा तीन जागा तोडून वेगवेगळ्या माणसांना दाखव. एकच विचारायचं, ‘‘आता तू कशाची वाट बघायलास?’’ उत्तर एका वाक्यात आलं तर जागा बरोबर. ‘‘भारी शूट केलंय’’ असं म्हणाले तर समज की प्रसंग नुसता देखणा आहे.

एक चूक तर अशी की अजून चुटपुट लागते. फिल्मचं नाव मी आधी ‘ओल’ ठेवलं होतं. केवढं आवडतं नाव! मूठ मिटते, काळोख होतो, आणि पडद्यावर उमटतं ‘ओल’. म्हणजे बावन्न सेकंदांत जो प्रश्न जिवापाड उभा केला, त्याचं उत्तर मीच छापून दिलं. एका काकूंनी ते बघून सहज म्हटलं, ‘‘चला, पाणी लागलं बाबा.’’ तेव्हा डोळे उघडले. आता नाव आहे ‘साडेसहा इंच’. ते भोकाचं माप आहे, आणि पाणी किती इंच लागलं हे विचारायची आपल्याकडची पद्धतही त्याच्या मागे उभी आहे. नाव त्या प्रसंगाला लागूनच येतं, त्यामुळे ते त्या प्रसंगातला शेवटचा शब्द असतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

नावानंतर फिल्म एक दिवस मागे जाते. ‘एक दिवस आधी’ अशी पाटी मी लिहिली नाही. त्याऐवजी बाभूळ आहे. रात्रीच्या प्रसंगात मागे हॅलोजनच्या उजेडात एक वाकडी बाभूळ दिसते, एक फांदी अर्धी मोडून लोंबलेली. नावानंतर पहिलंच दृश्य तीच बाभूळ, सकाळी, आणि खाली भोक नाही, गाडी नाही, नुसती ढेकळं. पाणाड्या येतो, नारळ उभा राहतो, काकांचा मुलगा तिथं चुन्याची फुली मारतो. कुणालाही समजतं की आपण मागे आलोय. हे जमावं म्हणून रात्रीचा पहिला हात मी मुद्दाम रुंद फ्रेममधला निवडला, तसा तो जवळच्यापेक्षा थोडा कमी देखणा होता तरी.

आणि परतफेड. दहाव्या मिनिटाला आपण परत त्या मुठीपाशी येतो. आधी मी बावन्नच्या बावन्न सेकंद पुन्हा दाखवले होते आणि लोक मोबाइल बघायला लागले. ज्याने एकदा बघितलंय त्याला ते पुन्हा शिकवायची गरजच नव्हती. आता फक्त चार सेकंद जुनी, मूठ मिटते तिथपर्यंत, आणि मग तोडलेलं दृश्य पुढे चालू होतं. मूठ उघडते. आत गोळा झालेली करडी माती, बोटांचे ठसे उमटलेली. काका ती घेतात आणि कपाळाला लावतात.

दोस्ता, ती ओल टिकली नाही. काळ्या पाषाणात पाणी असतं ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग बारीक आणि एकटी असेल तर हवेच्या दाबाने ती तासाभरात रिकामी होते. पुढच्या दोन रॉडांत भुकटी परत कोरडी उडायला लागली आणि पाचशे फुटांवर काकांच्या मुलाने हात हलवून गाडी थांबवली. माझा एडिटर म्हणाला, दोन दिवसांनी शेजारच्या शिवारात दोन इंची पाणी लागलं तिथली ओल्या मातीची मूठ घे, ती जास्त चकाकते, कुणाला कळणार आहे? मी ऐकलं नाही. तो हात त्या रात्रीचा, त्या काकांच्या शेतातला होता म्हणून तो पुढे ठेवायचा मला हक्क होता. तो दुसऱ्याच्या शेतातला असता तर काकांना फिल्म दाखवताना मी त्यांच्या शेजारी बसू शकलो नसतो. काकांनी बघितली. मुठीपाशी ते पुढे सरकून बसले होते, त्यांना शेवट पाठ असून.

आता तुझं. तू लिहिलंस की पहिल्या मिनिटात घोडे, गाढवं, खंडोबाची पालखी, लावणीचे फड, सगळ्याचे तुकडे झपाझप जोडायचेत. माझं मत, ते नको. ती यात्रेची जाहिरात होईल, त्यात वाट बघण्यासारखं काही नाही. आणि तीन-चार मिनिटांचीच फिल्म करणार असशील तर नावाआधी काहीच नको, थेट सुरू कर. पण वीस मिनिटांची होणार म्हणतोस तर तुझ्याच पत्रात एक ओळ आहे ती परत वाच. उपरण्याखाली हात घालून बोटांनी बैलजोडीचा सौदा करणारे ते दोघे, आणि पलीकडे दाव्याला धरून उभा असलेला बैलांचा मालक. उपरणं हलतंय, आतली बोटं दिसत नाहीत, दलाल मान हलवतो, हात सुटतात, परत घातले जातात. दोनदा सौदा फिसकटला असं तू लिहिलंयस, म्हणजे तीन हात तुझ्याकडेही आहेत. तिसऱ्यांदा उपरणं हलायचं थांबतं ना, तिथं तोड. मालकाचा चेहरा दाखवू नकोस, दाव्यावरची त्याची मूठ दाखव.

फक्त एक तपासून कळव. तिसऱ्या वेळी कॅमेरा चालू राहिला होता का? भाव ठरल्यावर मालकाने दावं सोडलं, ते तुझ्याकडे असलं पाहिजे. ते नसेल तर हा प्रसंग पुढे लावू नकोस, कारण पंधराव्या मिनिटाला तुझ्याकडे उघडायला मूठच नसेल. असेल तर दोन्ही तुकडे पेनड्राइव्हवर टाकून बसने पाठव, मी स्टँडवरून घेतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
जिवलग मित्र