विषय: Gauncar आणि Gaonkar एकच, माझे 18,640 रुपये सोडा

विक्रेता पेमेंट विभाग प्रमुख यांस,

आज सकाळी तुमच्या माणसाशी 40 मिनिटं बोलून झालं. आता लेखी घ्या.

तुमच्या ॲपवर मी कोकमाचं आगळ विकते. जूनपर्यंत माझ्या याच बँक खात्यात त्याचे सात वेळा पैसे आले. जुलैत तुम्ही सगळ्यांची खाती पुन्हा तपासलीत, तेव्हापासून स्क्रीनवर Name mismatch – payout on hold. खात्यावर आडनाव Gauncar, पॅनवर Gaonkar. वडिलांच्या जन्माची नोंद पोर्तुगीज काळातली, तीच अक्षरं शाळेच्या दाखल्यावर आली आणि दाखल्यावरून खातं उघडलं. पॅन एजंटानं इंग्रजी वळणानं केलं. गोव्यात अशी घरं गल्लीगल्लीत आहेत.

तपासणीसाठी तुम्ही माझ्या खात्यात एक रुपया टाकलात. तो आला! खाते क्रमांक बरोबर, आयएफएससी बरोबर. बँकेनं परत पाठवलेलं नाव तेवढं तुमच्या यंत्राला जुळलं नाही. म्हणजे एक रुपया मिळायला मी मीच आहे, 18,640 मिळायला दुसरीच कोणी. तुमचं कमिशन आणि कुरिअरचे पैसे कापताना मात्र आडनावाची अडचण आली नाही.

रद्द केलेला चेक पाठवला, तर त्यावरचं नाव वेगळं म्हणून नाकारला. अहो, तेच तर भांडण आहे! मग राजपत्रातली नावबदलाची जाहिरात मागितलीत. मी नाव बदललेलंच नाही, जाहिरात कशाची देऊ?

आणि आजचा फोन. तुमचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं नाव कोणतं?" म्हटलं, दोन्ही. "मग मिस्टरांचं खातं द्या ना." मी विचारलं, त्यांचं तर पहिलं नावही वेगळं, ते कसं जुळेल? दोन मिनिटं संगीत. परत येऊन, "मॅडम, मिस्टरांचं चालणार नाही, खातं विक्रेत्याच्याच नावे हवं." म्हणजे माझंच! पुन्हा विचारते, माझं कशाला नको? "सिस्टीम दाखवतेय." आगळाच्या बाटल्या मी भरल्या, सोलां मी सुकवली, आणि पैसे घ्यायला मिस्टर हवेत?

सोबत बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र आहे, शाखाधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्याचं. या खात्याला हाच पॅन जोडलेला आहे आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हेच पत्र पाच तिकिटांवर जोडलं होतं. पाचही वेळा आपोआप आलेलं उत्तर: नाव जुळत नाही. ते एखाद्या माणसाला वाचायला द्या. स्पेलिंग नका जुळवू, पॅन जुळवा. इतकंच काम आहे.

चवथ तोंडावर आहे, बाटलीवाल्याची उधारी थकलीय. सात दिवसांत पैसे आले नाहीत तर फोंड्याच्या वकिलांची नोटीस येईल. ॲपवरची माझी सगळी आगळाची पानं आजपासून बंद केली आहेत. तुमच्या ॲपवर भरवसा ठेवून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली जागा सोडली होती, ती परत मागायला जातेय.

गांवकर, फोंडा
(हवं त्या स्पेलिंगनं वाचा)