बिलातले टप्पे आणि बिलाचे दिवस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा संपला की सोसायट्यांच्या ग्रुपवर वीजबिलांचे फोटो फिरू लागतात. कुणीतरी ‘301’ या आकड्याभोवती लाल गोल काढतो आणि खाली लिहितो, ‘एक युनिट जास्त झालं आणि सगळं बिल वरच्या दराने आलं.’ असं होत नाही. नेमकं काय होतं ते बिलावरच छापलेलं असतं, फक्त ते ओळीने वाचायला हवं. सोबत एका घरगुती बिलाचं छायाचित्र जोडलं आहे (ग्राहक क्रमांक आणि पत्ता झाकला आहे). ओळी आणि युनिट छायाचित्रातल्याच आहेत. दर मात्र तोंडी हिशेब करता यावा म्हणून गोल केले आहेत. वाचकांनी तिथे आपल्या बिलावरचे दर घालावेत.

सुरुवात रीडिंगपासून. चालू रीडिंग 4832, मागचं 4512, म्हणजे वापर 320 युनिट. घरगुती मीटरला गुणक 1 असतो, त्यामुळे ही वजाबाकी आणि छापलेले युनिट जुळलेच पाहिजेत. जुळत नसतील तर पुढचा हिशेब करण्याआधी रीडिंगच्या जागी ‘सरासरी’ किंवा मीटर बंद, घर बंद अशी काही नोंद आहे का ते पाहावं.

आता वीज आकार. आपल्याकडे घरगुती वापराचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे आहेत. पहिल्या टप्प्याचा दर 4 रुपये, दुसऱ्याचा 8 आणि तिसऱ्याचा 11 धरू. पहिल्या 100 युनिटचे 400 रुपये, पुढच्या 200 युनिटचे 1,600 आणि उरलेल्या 20 युनिटचे 220. एकूण 2,220. सगळे 320 युनिट 11 रुपयांनी लागले असते तर ही ओळ 3,520 झाली असती. वरचा दर फक्त वरच्या 20 युनिटना लागला आहे.

वहन आकाराला टप्पे नसतात. 2 रुपये दराने 320 युनिटचे 640 झाले. वीज तुमच्यापर्यंत आणणाऱ्या तारांचा हा खर्च आहे. मुंबईच्या उपनगरात एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेणारे ग्राहक आहेत, त्यांनाही तो चुकत नाही. इंधन समायोजन आकार मात्र टप्प्यागणिक वेगळा असतो आणि महिन्यागणिक बदलतो. इथे 20, 40 आणि 55 पैसे धरले तर 20, 80 आणि 11 मिळून 111 रुपये होतात. स्थिर आकार 130 धरू. या सगळ्याची बेरीज 3,101. त्यावर 16 टक्के वीज शुल्क 496.16. एकूण 3,597.16.

वीज शुल्क केवळ विजेच्या किमतीवर लागतं असं अनेकांना वाटतं. ते स्थिर, वहन आणि इंधन आकारावरही लागतं. घरी केलेला हिशेब थोडक्यात चुकतो तो बहुधा इथेच.

मग टप्पा ओलांडल्याची खरी किंमत किती? वरचे दर घेतले तर 300 वं युनिट शुल्कासह 12.06 रुपयांना पडतं आणि 301 वं 15.72 रुपयांना. फरक 3.66 रुपये. वीस युनिट वर गेल्याचे जास्तीचे 73 रुपये, हजार नव्हेत. लाल गोल काढणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्याचा एक कण मात्र आहे. मुंबईतल्या काही दरपत्रकांत स्थिर आकार वापराच्या टप्प्यानुसार ठरतो. तिथे टप्पा ओलांडला की ही एक ओळ एकदम वरच्या आकड्यावर जाते, थोडी थोडी वाढत नाही.

इतकं सगळे जुळवून पाहतात. छायाचित्रात जी ओळ सहसा कुणी वाचत नाही, ती आहे बिलाच्या कालावधीची. 100 आणि 300 या मर्यादा एका महिन्याच्या वापरासाठी आहेत. रीडिंग घेणारा सहा दिवस उशिरा आला तर 320 युनिट 30 दिवसांचे नसून 36 दिवसांचे होतात आणि टप्पेही त्याच प्रमाणात, म्हणजे 1.2 पट रुंद व्हायला हवेत. पहिला टप्पा 120 पर्यंत, दुसरा 360 पर्यंत. आता 120 युनिट 4 रुपयांनी म्हणजे 480 आणि 200 युनिट 8 रुपयांनी म्हणजे 1,600. तिसऱ्या टप्प्यात काहीच उरत नाही. वीज आकार 2,220 ऐवजी 2,080 झाला, इंधन आकार 7 रुपयांनी उतरला आणि स्थिर आकाराची ओळ बाजूला ठेवली तर शुल्कासह सुमारे 170 रुपयांचा फरक पडला. मीटर तेवढाच फिरला, फक्त दिवस मोजले.

हे झालंय की नाही ते ओळखायला गणितही लागत नाही. टप्पानिहाय युनिटच्या रकान्यात पहिल्या टप्प्यासमोर 120 च्या आसपास आकडा असेल तर दिवस धरले आहेत. कालावधी 36 दिवसांचा आणि समोर नेमके 100 असतील तर विचारणा करावी. पुढचं बिल 24 दिवसांचं येईल तेव्हा भरपाई होईल, असं उत्तर कधी कधी मिळतं. ते प्रत्येक वेळी खरं ठरत नाही. त्या लहान बिलात स्वस्त टप्प्यातली जागा रिकामी राहिली तरच मागचं भरून निघतं.

2020 च्या जूनमधली बिलं आठवून पाहा. टाळेबंदीत रीडिंग बंद होतं, आधीची बिलं हिवाळ्यातल्या सरासरीवर गेली होती आणि मग प्रत्यक्ष रीडिंगचं बिल एकदम आलं. तीन महिन्यांचे 960 युनिट एकाच महिन्याचे धरले तर 460 युनिट थेट 500 च्या वरच्या दरात जातात. बरोबर हिशेबात टप्पे तिप्पट होतात, म्हणजे पहिल्यात 300, दुसऱ्यात 600 आणि तिसऱ्यात अवघे 60. शिवाय 1 एप्रिलपासून दर बदलले होते, म्हणून मार्चचे दिवस जुन्या दराने मोजायचे आणि सरासरीने भरलेली रक्कम वजा करायची. सरासरीनंतर येणाऱ्या कुठल्याही बिलात आजही हीच वजावट शोधावी. ती नसेल तर तेच युनिट दोनदा आकारले गेले आहेत.

तक्रार लेखी द्यावी आणि तीत तीनच गोष्टी लिहाव्यात: दोन्ही रीडिंग तारखांसह, दिवसांची संख्या आणि आपण काढलेली टप्प्यांची विभागणी. ‘बिल जास्त आलं’ एवढंच लिहिलं की मीटर तपासून घ्या असं उत्तर येतं, आणि इथे मीटरचा दोष नसतोच. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत. दरम्यान वीज तोडली जाईल या भीतीने गप्प बसू नये. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार वादातली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरता येते. पावतीवर किंवा सोबतच्या अर्जावर हे शब्द लिहून पोच घ्यावी.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)